गरम तव्याला हात लागल्यावर आवेगाचा मार्ग कोणत्या क्रमाने लिहावा?

प्रश्न : गरम तव्याला बोट लागले की हात मागे घेतला जातो. यातील आवेगाचा मार्ग क्रमाने लावताना मेंदू कुठे लिहायचा?

उत्तर : या क्रमात मेंदू लिहायचाच नाही. बोटाच्या त्वचेतील ग्राही उष्णतेने उद्दीपित होतात, तेथे निर्माण झालेला आवेग संवेदी चेतापेशीतून मेरुरज्जूत पोहोचतो, तेथील सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशीकडे सोपवते आणि प्रेरक चेतापेशीने तो दंडाच्या पुढच्या स्नायूपर्यंत नेला की स्नायू आकुंचन पावून कोपर दुमडते. त्याच वेळी दुसऱ्या सहयोगी चेतापेशीमार्फत दंडाच्या मागच्या स्नायूची उत्तेजना रोखली जाते, अन्यथा दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहिले असते. मात्र हा भाग शालेय प्रश्नात सहसा विचारत नाहीत.

मेंदूला वार्ता मिळते, पण ती मेरुरज्जूतून वर जाणाऱ्या वेगळ्या वाटेने, आणि म्हणूनच चटका जाणवतो तेव्हा हात बहुधा आधीच मागे आलेला असतो.

विद्यार्थी बहुतेक वेळा संवेदी आणि प्रेरक यांची अदलाबदल करतात. आकृतीत मेरुरज्जूच्या मागच्या बाजूच्या मुळावर फुगीर गंडिका दिसते. संवेदी चेतापेशीची पेशीकाया तिच्यात असल्यामुळे आवेग त्या बाजूने आत येतो आणि पुढच्या मुळातून बाहेर पडतो, हे पाहून बाणांची दिशा तपासता येते.

प्रश्न गुडघ्याच्या झटक्याचा असेल तर मात्र क्रम बदलतो, कारण मांडीच्या ताणलेल्या स्नायूतून आलेली संवेदी चेतापेशी त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशीशी थेट जोडलेली असते आणि या मुख्य मार्गात सहयोगी चेतापेशी नसते.