‘तीन दिवस आधी’ म्हणजे नेमके कधी?

प्रश्न : साखरपुड्याची वेळ बदलल्याचे केटररला कळवले. त्यांचे उत्तर आले : ‘नवी वेळ चालेल. पानांचा आकडा तीन दिवस आधी कळवा.’ एवढे पुरेसे आहे का?

नाही. याच वाक्याने आमचे १२,८०० रुपये गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलीचा साखरपुडा रविवारी दुपारी ठरला होता. कार्यालयाने तीच वेळ दुसऱ्या कोणाला तरी देऊन ठेवल्यामुळे आम्हाला शनिवारची संध्याकाळ पत्करावी लागली. चूक कार्यालयाची, पण तिथल्या व्यवस्थापकांनी केटररला कळवण्याचे सौजन्यही दाखवले नाही, ते असो. केटररने नवी वेळ मान्य केल्याचा निरोप पाठवला आणि शेवटी तेच ‘तीन दिवस आधी’ लिहिले. माझ्या डोक्यात जुना गुरुवार पक्का बसलेला असल्यामुळे गुरुवारी सकाळी मी २५० ऐवजी २१० पाने कळवली. ते म्हणाले, मुदत काल संध्याकाळीच संपली. कार्यक्रम एक दिवस अलीकडे आला, तशी मुदतही आली. श्रीखंडासाठी चक्क्याची मागणी गेली होती आणि वाढपीही ठरले होते. ३२० रुपयांप्रमाणे ४० पानांचे पैसे द्यावे लागले. ते खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. पण मुदतीची तारीख त्यांनी लिहिली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

म्हणून त्यांच्याकडून पुन्हा लेखी निरोप मागवा. तो साधारण असा असावा : ‘आपला कार्यक्रम रविवार दुपारऐवजी शनिवारी सायंकाळी होईल. जेवण रात्री ८ वाजता सुरू होईल. पूर्वी कळवलेली वेळ रद्द समजावी. पानांची संख्या बुधवारी सायंकाळी ६ वाजेपर्यंत कमी करता येईल. त्यानंतर, तोपर्यंत कळवलेल्या संख्येचे पूर्ण पैसे आकारले जातील.’ वारासोबत तारीखही असावी. ‘बुधवारपर्यंत’ एवढेच लिहिले, तर बुधवार धरायचा की नाही यावर पुन्हा वाद होतो.

वेळ कशाची, हेही स्पष्ट असू द्या. तुम्ही ७ म्हणता तेव्हा विधीची वेळ सांगत असता, केटरर मात्र त्या वेळी पुऱ्या तळायला घेतो, आणि पंगत बसेपर्यंत त्या निवून चिवट होतात.

मुदतीनंतर संख्या वाढवण्याबद्दल मात्र वेगळे विचारा, कारण ती बहुधा थोडीफार वाढवून मिळते, कमी करून मिळत नाही. माझ्या मते म्हणूनच पहिला आकडा जरा हात राखून द्यावा. अर्थात प्रत्येक केटररची पद्धत वेगळी असते, तेव्हा आधी त्यांची किमान पानांची अट पाहा. छायाचित्रकार, गुरुजी आणि गाड्यांचे चालक यांची पाने आम्ही धरलीच नव्हती. तुम्ही ती आकड्यात धरा.