आखाजीची विक्री हंगामी की चक्रीय?

प्रश्न: जळगावच्या कापड दुकानात दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विक्री वाढते. कापसाला भाव मिळाला की दोन-तीन वर्षं सगळीच विक्री चढते, मग पडते. यात हंगामी काय आणि चक्रीय काय?

उत्तर: आखाजीची वाढ हंगामी, कारण ती वर्षाच्या आत ठरलेल्या वेळी परत येते. कापसाची लाट चक्रीय. ती वर्षापेक्षा लांब असते आणि पुढची कधी येईल ते ठरलेलं नसतं.

पण महिनावार आकडे फसवतात. आखाजी 2024 मध्ये 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. साहजिकच 2025 चा एप्रिल फुगतो, मे आपटतो. पोरं लगेच ‘अनियमित’ लिहून मोकळी होतात! एप्रिल-मेची बेरीज करून बघा. ती जवळपास तेवढीच राहिली, तर फक्त तिथी सरकली आहे. खरं अनियमित म्हणजे 2020 ची टाळेबंदी.

चक्र दिसायला 12 महिन्यांची चल सरासरी काढा, म्हणजे एकेक महिना पुढे सरकत दर वेळी 12 महिन्यांची सरासरी घ्या. त्यानं हंगाम पुसला जातो. उरलेल्या रेषेचा सरळ चढ म्हणजे कल, त्याभोवतीचं वरखाली म्हणजे चक्र. मात्र तीन-चार वर्षांच्या आकड्यांत चक्राची चढती बाजू कलासारखीच दिसते, दहाएक वर्षांचे तरी घ्या.