उघडलेली वाइन, व्हिस्की आणि फेणी: काय टिकते, काय टिकत नाही

प्रश्न: "रेड वाइनची अर्धी बाटली उघडून आठ दिवस झाले, कपाटातच आहे. व्हिस्की तळाशी थोडी उरलीय, दोन वर्षं जुनी. शिवाय गोव्याहून पाण्याच्या बाटलीत आणलेली सुटी फेणी आहे. यातलं काय प्यायला चालेल? जुनी दारू विषारी होते का?"

उत्तर: वाइन टाकून द्या, व्हिस्की निर्धास्त ठेवा आणि फेणीबाबत तिच्या वयापेक्षा ती कुठून आणली याचा विचार करा.

वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के असते. बूच निघाल्यावर आत शिरलेल्या हवेमुळे दोन गोष्टी घडतात. प्राणवायूच्या संयोगाने फळांचा सुवास मावळतो आणि काही अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड होते. त्यामुळे ठेचकाळलेल्या सफरचंदासारखा वास येतो. त्यानंतर हवेवर जगणारे अॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू अल्कोहोलचे रूपांतर अॅसिटिक आम्लात, म्हणजेच व्हिनेगरमध्ये करतात. त्यांना आपल्याकडचे तीस अंशांचे तापमान फार मानवते, म्हणून कपाटात ठेवलेली वाइन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उतरू लागते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला ठेवावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. उघडलेली बाटली, रेड असली तरी, फ्रिजमध्येच उभी ठेवावी आणि पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी. अशी ती तीन ते पाच दिवस चांगली राहते, फसफसणारी वाइन मात्र एक-दोन दिवसच.

पुढच्या वेळी एक करून पाहा. ७५० मिलीच्या बाटलीतली अर्धी वाइन उरणार हे ठाऊक असेल, तर बाटली उघडताक्षणीच ३७५ मिलीची स्वच्छ, कोरडी बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वाइनच्या वर हवाच उरत नसल्यामुळे ही वाइन आठवडाभर सहज टिकते. पाहुणे गेल्यावर रात्री उशिरा हे करण्यात निम्मा फायदा जातो, कारण तोवर हवा वाइनमध्ये मिसळून गेलेली असते. बिघाड ओळखायला ग्लासात थोडी ओतून पांढऱ्या कागदावर तिरपी धरा: कडेचा रंग विटकरी-तपकिरी झाला असेल आणि वास नाकाला झोंबत असेल किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाची आठवण करून देत असेल, तर ती गेली. अशी वाइन चुकून घोटभर प्यायलात तरी तिने विषबाधा होत नाही. ती फक्त बेचव असते. स्वयंपाकात वापरायची असेल तर आंबट होण्याआधीच वापरा.

बियरचा प्रश्न थोडक्यात मिटतो. उघडलेल्या बियरमधला वायू काही तासांत निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी ती पिण्यात अर्थ राहत नाही. न उघडलेली बाटलीसुद्धा उन्हात ठेवू नये, कारण प्रकाशाने बियरमधल्या हॉप्स या कडवट फुलांमधील घटक फुटून उग्र दर्प येतो.

व्हिस्की, रम, जिन यांत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या वर असल्यामुळे जिवाणू त्यात तग धरू शकत नाहीत. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के छापलेले असते. तुमच्या बाटलीत तळाशी थोडीच व्हिस्की आणि वर भरपूर हवा असल्यामुळे दोन वर्षांत सुगंध फिका झाला असेल, पण ती घातक नाही. अशी उरलेली व्हिस्की लहान बाटलीत काढून ठेवणे उत्तम. बाटली उभीच ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बूच कुरतडते. शोभेच्या जुन्या क्रिस्टलच्या सुरईत मात्र महिनोन्महिने साठवू नये, कारण त्या काचेत शिसे असते आणि ते मद्यात उतरते. हा अपाय खरा आहे. आयरिश क्रीमसारखी दुधाची लिकरही वेगळी गणावी: बाटलीवरची मुदत संपली, गुठळ्या दिसल्या किंवा आंबूस वास आला, की ती ओतून द्यावी.

आता फेणी. पातळ प्लास्टिकमधून सुवास हळूहळू निघून जातो आणि प्लास्टिकचा वास फेणीला लागतो, म्हणून ती काचेच्या बाटलीत काढावी. जुनी झाल्यावर दारूचे विषारी मिथेनॉल होते, ही समजूत मात्र चुकीची आहे. बंद बाटलीत दारूतल्या अल्कोहोलचे, म्हणजे इथेनॉलचे, मिथेनॉल होत नाही. मिथेनॉल आंबवताना अल्प प्रमाणात तयार होते, किंवा लोभापायी बाहेरून मिसळले जाते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली ती अशाच मिथेनॉलमुळे. ती दारू जुनी नव्हती. मिथेनॉल वास किंवा चव घेऊन ओळखता येत नाही, आणि पेटवून ज्योतीचा रंग बघण्याची युक्तीही भरवशाची नाही. म्हणून तुमची फेणी ओळखीच्या, परवानाधारक भट्टीची असेल तर ठेवा. रस्त्यावर अनोळखी माणसाकडून घेतली असेल तर कालची असली तरी टाकून द्या. आधीच कोणी प्यायले असेल आणि काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा, अंधूक दिसणे, पोटदुखी किंवा धाप लागणे सुरू झाले, तर हँगओव्हर समजून झोपू देऊ नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण वेळेत दिलेल्या उपचाराने दृष्टी आणि जीव दोन्ही वाचू शकतात.