मजला वडिलांच्या घरावर, कर्ज धाकट्याच्या नावावर

प्रश्न : आम्ही कराडला एकत्र राहतो. आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मी, बायको आणि आमची चार वर्षांची मुलगी. बाबांना २८ हजार पेन्शन आहे. दादाचं हार्डवेअरचं दुकान आहे, महिन्याला सरासरी ५० हजार सुटतात. माझा पगार ७२ हजार, बायको शिक्षिका आहे, तिचा ३८ हजार. मी दरमहा ३५ हजार बाबांच्या खात्यात टाकतो, किराणा दादा भरतो. पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणून आम्ही दोघं २५ हजार बाजूला काढतो. आता दादाच्या मुलांना जागा पुरत नाही म्हणून घरावर मजला चढवायचा घाट आहे. नऊशे चौरस फूट, खर्च १८ लाख. पगाराची स्लिप माझ्याकडे आहे म्हणून कर्ज मी काढावं असं सगळ्यांचं मत आहे. घर बाबांनी नोकरीत असताना बांधलं, त्यांच्याच नावावर आहे. एक बहीण आहे, ती सांगलीला. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. काय करू?

उत्तर : आधी थोडं धीराचं सांगतो. घरखर्चाला तुम्ही जे देता ते जास्त नाही. तुम्ही विचारलेलं नाही, पण हा सल तुमच्या पत्रात जाणवतो, म्हणून तो हिशेब पहिल्यांदा करू.

नऊ माणसांच्या तुमच्या घराला किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, कामवाली, औषधं आणि वर्षाकाठी येणारी घरपट्टी, सणवार, लग्नांचे आहेर हे सगळं बारा महिन्यांवर पसरून ५६ हजार लागतात असं धरू. खरा आकडा तीन महिने वहीत लिहिल्यावरच कळेल. घरातल्या चौघांची मिळकत १ लाख ८८ हजार होते. मिळकतीच्या प्रमाणात वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या मिळकतीचे साधारण तीस टक्के येतात, म्हणजे बाबांचे ८,४००, दादाचे १५ हजार आणि तुम्हा दोघांचे ३३ हजार. माणसं मोजून वाटलं तर चित्र उलटतं. दादाच्या घरातली चार माणसं म्हणून त्याच्यावर जवळपास २५ हजार येतात आणि तुमच्यावर साडेअठरा.

मी मिळकतीच्या प्रमाणाच्या बाजूचा आहे, आणि तुमच्या घरात तर ठामपणे. तुमची बायको शाळेत असते तेव्हा मुलीला कोण भरवतं, कोण झोपवतं? नऊ जणांचा स्वयंपाक कोण करतं? वहिनींच्या या कामाचा पगार कुठल्याच वहीत दिसत नाही. उद्या पुण्यात वेगळं बिऱ्हाड केलंत की पाळणाघर आणि स्वयंपाकाच्या बाई या दोन ओळी तुमच्या खर्चात नव्याने येतील. तेव्हा ३३ की ३५ यावर दादाशी वाद घालू नका.

चुकतंय ते पैसे कुठे जातात यात. तुमचे ३५ हजार बाबांच्या पेन्शनमध्ये मिसळतात. त्यातून गॅस भरला जातो, औषधं येतात, आणि उरलेल्याची कधीतरी बाबांच्या नावावर एफडी होते. पाच वर्षांनी त्यात तुमचं किती, दादाचं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. कायद्याने ती रक्कम बाबांची, आणि त्यांच्यानंतर सगळ्या वारसांची. नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव असलं तरी बँक फक्त त्याच्या हाती पैसे देते, मालकी वारसांचीच राहते.

म्हणून घरखर्चाचं खातं वेगळं काढा. ते वहिनी आणि तुमच्या पत्नी यांच्या नावे असावं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, कारण रोजचा खर्च त्या दोघींच्या हातून होतो आणि यूपीआयही त्यांच्याच फोनवर हवं. प्रत्येकाने पाच तारखेच्या आत आपला वाटा त्यात टाकायचा. दुकानाचा धंदा काही महिने मंद असतो, म्हणून दादाने दरमहा १२ हजार टाकावेत आणि वर्षाचे उरलेले ३६ हजार दिवाळीनंतर एकदम भरावेत. त्याची सरासरी १५ हजारच पडते आणि पावसाळ्यात त्याला कुणाकडे तोंड वेंगाडावं लागत नाही.

या खात्याला एक मर्यादा घाला. दोन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त शिल्लक राहू द्यायची नाही, त्यावर एफडी करायची नाही, आणि दुकानाला चार दिवसांसाठी म्हणूनही त्यातून उचल द्यायची नाही. सामायिक खाती बिघडतात ती बहुतेक अशा उचलीपासून. बिघडायला लागल्याची खूण सोपी आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी ‘असू दे, मी भरतो’ म्हणत खिशातून खर्च करायला लागतं आणि तो वहीत चढत नाही. असं दोनदा झालं की सगळ्यांनी बसून वाटे वाढवायचे. दादाला भांडवल लागलं तर ते तुम्ही स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत, उसने म्हणून लिहून द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी दिली-घेतली तर आयकर खात्याचा दंड लागू शकतो, तोही घेणाऱ्याला.

आता मजल्याकडे येऊ. माझं मत स्पष्ट आहे, हे कर्ज तुम्ही एकट्याने घेऊ नये.

१८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १७,७०० रुपये बसतो. तुम्ही फ्लॅटसाठी काढता त्या २५ हजारांतून तो वजा केला की सात हजार उरतात. खरी किंमत याहूनही मोठी आहे. पुण्यातल्या फ्लॅटसाठी अर्ज कराल तेव्हा बँक आधीचा हप्ता तुमच्या कुवतीतून वजा करेल. १७,७०० रुपयांच्या हप्त्यात वीस वर्षांसाठी याच दराने वीस लाखांचं कर्ज बसतं. म्हणजे फ्लॅटसाठी तुम्हाला मिळू शकणारं कर्ज तेवढ्याने कमी होईल. आज सही केलीत तर पुणे निदान काही वर्षं तरी लांबलं, हे धरून चला.

एवढं करून मजला कुणाचा? बांधकाम जमिनीच्या मालकाचं, म्हणजे बाबांचं. घर स्वकष्टार्जित आहे, त्यामुळे बाबा ते कुणालाही देऊ शकतात. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा, तुम्ही आणि ताई असे चार सारखे हिस्से होतील. तुम्ही फेडलेल्या हप्त्यांमुळे तुमचा चौथा हिस्सा मोठा होत नाही. कर्ज मात्र अख्खं तुमच्या नावावर राहतं. शिवाय जुन्या करपद्धतीतही व्याजाची वजावट घराच्या मालकालाच मिळते, तेव्हा ती आशाही ठेवू नका.

जागेची गरज मुख्यतः दादाच्या मुलांची आहे, तर मजला दादाचा असावा आणि कर्जही त्याचं. बाबांनी दादाला वरच्या बांधकामाचा हक्क आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्यावा. महाराष्ट्रात राहती मालमत्ता मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार लागू शकतो, नोंदणी आणि वकिलाचा खर्च वेगळा. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की सहसा मागे घेता येत नाही, म्हणून तळमजला बाबांकडेच राहावा आणि आई-बाबांचा तिथे आजन्म राहण्याचा हक्क त्यातच लिहिलेला असावा. तळमजल्याचं पुढे काय, हे बाबांनी मृत्युपत्रात लिहावं.

दादाच्या मिळकतीवर १८ लाख झेपणार नाहीत. १५ हजार घरखर्च आणि १७,७०० हप्ता गेल्यावर त्याच्या हातात १७ हजार उरतील, आणि धंदा मंद असलेल्या महिन्यात तेही नाहीत. म्हणून मजला लहान करा. तुमच्याच दराने साडेपाचशे चौरस फुटांत दोन खोल्या आणि संडास-बाथरूम ११ लाखांत होतं. त्यातलं आठ लाखांचं कर्ज दादाने घ्यावं, हप्ता सुमारे ७,९०० रुपये. तीन लाख तुम्ही द्या, आणि परत न घेण्याच्या बोलीने द्या. भावाने भावाला दिलेली भेट करमुक्त असते. तीन लाख हातचे जाणार हे खरं आहे, पण रक्कम ठरलेली आहे आणि पंधरा वर्षं मानेवर बसणारी नाही.

अडचण दादाच्या कागदांची निघेल. दुकानदाराला गृहकर्ज देताना बँका सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं बघतात. ती भरलेली नसतील किंवा उत्पन्न कमी दाखवलेलं असेल, तर सगळ्यांची बोटं तुमच्या सॅलरी स्लिपकडे का वळली हे समजतं. अशा वेळी दादाने यंदापासून विवरणपत्र नीट भरावं आणि मजला थोडा थांबावा. ‘तू फक्त सहकर्जदार हो’ असं कुणी म्हटलं तर एवढंच लक्षात ठेवा की सहकर्जदार निम्म्या कर्जाला बांधील नसतो, अख्ख्या कर्जाला असतो. जामीनदारही मुख्य कर्जदाराइतकाच बांधील असतो.

फ्लॅटचं गणित यात टिकतं. ६० लाखांचा फ्लॅट धरला तर बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे १२ लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. एकूण साडेसोळा लाख हातात हवेत. फ्लॅट पत्नीच्या एकटीच्या नावे घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दरमहा २५ हजार साध्या आवर्ती ठेवीत टाकले तर पाच वर्षांत कर वजा जाता १७ लाखांच्या आसपास जमतात. आजवर साठलेल्यातून दादाचे तीन लाख द्या आणि हे पाच वर्षं शिस्तीने चालवा. पाच वर्षांच्या पैशाला शेअर बाजारात नेऊ नका. पत्नीच्या पगारातली बचत तिच्याच नावे राहू द्या.

तुम्ही टर्म विमा घेतलेला नसेल तर तो १८७४ च्या ‘विवाहित महिला मालमत्ता कायद्या’खाली घ्या. पॉलिसी घेतानाच अर्जात तसं लिहावं लागतं, नंतर बदलता येत नाही. मग ती रक्कम फक्त पत्नी आणि मुलीची होते, तुमच्या कर्जाचे किंवा दादाच्या दुकानाचे घेणेकरी तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत.

हे सगळं घरात मांडताना आधी एकट्या बाबांशी बोला. कर्जाला नकार देताय असं न म्हणता तीन लाखांची तयारी आणि बक्षीसपत्राचा मार्ग त्यांच्यापुढे ठेवा. मग सगळ्यांची बैठक घ्या आणि ताईला सांगलीहून बोलवा. तिच्या माघारी झालेली बक्षीसपत्रंच पुढे कोर्टात जातात. बैठकीआधी मिळकत पत्रिकेचा उतारा काढून नाव खरंच बाबांचं लागलेलं आहे का ते बघा, कारण नगरपरिषदेची घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. आणि सध्याच्या खांबांना वरचा मजला पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ते पेलणार नसतील तर खर्चाचे हे सगळे आकडे बदलतील, म्हणून तो दाखला हाती आल्यावरच बक्षीसपत्राची तारीख ठरवा.