सोबत काय येत नाही, ते लिस्टिंगमध्ये कुठे आणि कसं लिहावं?

प्रश्न: मी ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड ऑनलाइन विकतो. ‘अडॅप्टर आणि स्टँड सोबत नाही’ असं वर्णनाच्या शेवटी लिहिलेलं आहे, तरी लोक ‘सामान कमी आलं’ म्हणून परत पाठवतात. वर लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते. नेमकं कुठे आणि कसं लिहू?

उत्तर:

माझं सांगलीत वाद्यांचं छोटं दुकान आहे आणि काही वर्षांपासून कीबोर्ड ऑनलाइनही जातात. तुमच्यासारखंच मीही ते वाक्य तळाशी लिहायचो. मग एकदा बायकोच्या फोनवर माझीच लिस्टिंग उघडून बघितली. आधी फोटो, मग नाव, मग किंमत, मग खरेदीचं बटण. वर्णन कुठेतरी खाली, तेही घडी घातलेलं. ‘आणखी वाचा’ दाबलं तर उघडणार. माझं वाक्य त्या घडीच्या आत, वॉरंटीच्याही खाली होतं. किंमत आवडलेला माणूस तिथवर जातच नाही.

तेव्हा ‘वर’ म्हणजे किमतीच्या जवळ, घडी पडण्याआधी. हे मी मनाने सांगत नाही. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, हेडफोन अशा वस्तूंच्या खोक्यावर चार्जर आत आहे की नाही हे दाखवणारं चिन्ह छापावं लागतं, आणि ऑनलाइन विकताना ते चिन्ह किमतीजवळ दाखवावं लागतं. आपल्याकडे कीबोर्डसाठी असा नियम नाही. पण ती जागा अचूक निवडलेली आहे, कारण किंमत सगळेच वाचतात.

आता गिऱ्हाईक पळण्याचं. काही पळतील, खरं आहे. पण परत आलेल्या खोक्याचा हिशोब करून बघा. माझा ६१ पट्ट्यांचा खोका साधारण ९८ × ३८ × १४ सेंटिमीटरचा आहे. वजनकाट्यावर पाच किलोच्या आसपास भरतो, पण कुरियरवाले आकारावरून वजन काढतात: तिन्ही बाजूंचा गुणाकार भागिले ५०००. म्हणजे जवळपास साडेदहा किलो. ते भाडं जाताना, आणि तेवढंच परत येताना. शिवाय फुटलेलं सील, चुरगळलेला थर्माकोल, आणि तो कीबोर्ड पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही. मला एक रिटर्न निस्तरायला दोन-तीन कीबोर्डांवरचा नफा लागतो. जो ‘अडॅप्टर नाही’ वाचून पळाला, तो फुकटात पळाला.

पण नुसती जागा बदलून भागत नाही. माझं वाक्य वर आल्यावरही घोळ झाले, कारण ते अर्धवट होतं. न येणाऱ्या वस्तू एकसारख्या नसतात. स्टँड नसेल तर माणूस कीबोर्ड टेबलावर ठेवून वाजवेल. सेल आणि अडॅप्टर दोन्ही नसतील तर तो चालूच होणार नाही. म्हणून आधी ज्याच्यावाचून वस्तू सुरू होत नाही ते, आणि त्यासाठी काय विकत घ्यायचं तेही तिथेच. लातूरच्या एका गृहस्थांनी मुलीच्या वाढदिवसाला आमच्याकडून कीबोर्ड मागवला होता. रात्री आठला खोका उघडला, पिनचं भोक दिसलं, अडॅप्टर दिसेना. त्यांनी सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर काढून लावला. पिन बसली. पण तो १२ व्होल्टचा, मध्यभागी अधिक असलेला. कीबोर्ड जुन्या मॉडेलचा, ९ व्होल्टचा आणि मध्यभागी वजा. कीबोर्ड तिथेच गेला. त्यांची चूक म्हणायला मला जीभ रेटली नाही. मी फक्त ‘अडॅप्टर सोबत नाही’ एवढंच लिहिलं होतं, कोणता लागतो ते लिहिलं नव्हतं. पैसे परत केले.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं लोकांना वाटतं. कीबोर्डांत ते फार फसवं आहे. यामाहाच्या बऱ्याच लहान कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलना साडेनऊ, आणि जुन्या काहींना ९. त्यात मधला टोक अधिक की वजा हा फरक वेगळाच. कीबोर्डच्या मागे, पिनच्या भोकाजवळ गोल चिन्ह असतं: मध्ये ठिपका, भोवती उघडं वर्तुळ, दोन्हीकडे + आणि −. तो भाग जवळून फोटो काढून लिस्टिंगमध्ये टाका, आणि व्होल्ट, अँपिअर व मधला टोक या तीन गोष्टी शब्दांतही लिहा. हे आकडे कीबोर्डवरच्या छापावरून किंवा पुस्तिकेतून घ्या. दुसऱ्या विक्रेत्याच्या लिस्टिंगवरून उचलू नका.

सेलचंही तसंच. आपल्याकडे ‘पेन्सिल सेल’ म्हटलं की कुणी भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो आणतं, कुणी रिमोटमधला बारीक. मी लिहितो: ‘६ पेन्सिल सेल लागतात, डबल ए, भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते, सोबत नाहीत.’ त्यातच एक शब्द अल्कलाइन. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. सहा मिळून ७.२ विरुद्ध ९. काही मॉडेलमध्ये कोणते सेल घातलेत ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं, नाहीतर बॅटरी किती उरली ते कीबोर्ड चुकीचं दाखवतो. पण हे सगळं वर नको, खाली वर्णनात चालेल. वर गर्दी झाली की तीही कुणी वाचत नाही.

आता स्टँड. इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्ला, कारण ‘स्टँड’ हा एक शब्द दोन वस्तूंना लागतो. कीबोर्डच्या वर खोचायची, नोटेशनचं पुस्तक टेकवायची प्लास्टिकची पाटी असते. तिलाही बरेच जण म्युझिक स्टँड म्हणतात, आणि ती खोक्यात येते. खोक्यावर ‘म्युझिक स्टँड सोबत’ वाचलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर जमिनीवर उभा राहणारा लोखंडी एक्स-स्टँड येतो. मी दोघांना आता वेगळी नावं देतो: ‘पुस्तक टेकवायची पाटी आहे. कीबोर्ड ठेवायचा लोखंडी स्टँड नाही.’ या दोन वाक्यांनी जेवढ्या तक्रारी कमी झाल्या, तेवढ्या बाकी कशाने झाल्या नाहीत.

असेच आणखी दोन शब्द तपासा. ‘बॅटरी ऑपरेटेड’ म्हणजे सेलवर चालतो, पण वाचणारा ‘बॅटरी आहे’ असं वाचतो. तपशिलाच्या तक्त्यातलं ‘अडॅप्टर: १२ व्होल्ट’ हेही ‘अडॅप्टर येतो, १२ व्होल्टचा’ असंच वाचलं जातं. तिथे ‘वेगळा घ्यावा लागतो’ असं त्याच ओळीत जोडा.

सगळं मिळून माझ्याकडे किमतीखालच्या पहिल्या मुद्द्यात आता एवढंच असतं: ‘सोबत नाही: अडॅप्टर (१२ व्होल्ट, मध्यभागी +, वेगळा घ्यावा), ६ पेन्सिल सेल, कीबोर्ड ठेवायचा लोखंडी स्टँड. यांपैकी अडॅप्टर किंवा सेल असल्याशिवाय कीबोर्ड चालू होत नाही.’ त्याच्या खालच्या मुद्द्यात ‘सोबत आहे’. गिऱ्हाइकाला चांगलं आधी सांगावं असं वाटून मी एकदा क्रम उलटा केला, तर पहिल्या मुद्द्यानंतर लोक पुढे वाचेनात. म्हणून पुन्हा फिरवला. नावात सगळी यादी घालू नका. फोनवर नाव मध्येच तुटतं. ‘अडॅप्टरशिवाय’ एवढा एक शब्द बसला तर घाला, तोही पहिल्या काही शब्दांत.

तुम्ही मराठीत विकत असाल तर हे वाक्य मराठीतच लिहा. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत तेच आहे: खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळक जागी हवा. वर मराठीत गोड बोलायचं आणि खाली इंग्रजीत बारीक हात झटकायचे, हे चालत नाही. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत दाखवलं तसं वस्तूत नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. वाद झालाच तर ‘शेवटी लिहिलं होतं’ या बोलण्याला फारसा आधार नाही, विशेषतः फोटोत स्टँड दिसत असेल तर.

फोटोबद्दल. अॅमेझॉनवर पहिल्या फोटोत सोबत न येणारी वस्तू दाखवायची नाही आणि फोटोवर वेगळा मजकूरही लिहायचा नाही, असा नियम आहे. म्हणून पहिला फोटो नुसत्या कीबोर्डचा. दुसरा फोटो मी खोका उघडून काढतो: आत जे आहे ते सगळं चादरीवर मांडून, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत ‘एवढंच येतं’. कंपनीकडून आलेले देखणे फोटो, ज्यांत कुणी मुलगी स्टँडवरचा कीबोर्ड वाजवत असते, ते मोह झाला तरी सोडा.

एक कंटाळवाणं काम मात्र करावं लागतं. माल बदलला की एक खोका उघडून बघा. आमच्याकडे एकाच मॉडेलच्या एका खेपेत अडॅप्टर आला आणि पुढच्या खेपेत नाही. जुन्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय तसेच राहतात, ‘अडॅप्टरपण मिळाला, मस्त’. नवा माणूस तुमच्या वाक्यापेक्षा त्या अभिप्रायावर जास्त विश्वास ठेवतो. अडॅप्टरसह आणि अडॅप्टरशिवाय असे दोन पर्याय एकाच पानावर ठेवले तरी हाच गोंधळ होतो, कारण दोघांचे अभिप्राय एकत्र दिसतात. मी म्हणून अडॅप्टरसहचा संच वेगळ्या पानावर टाकला. तो जास्त खपतो, हे जाता जाता.

सुधारणा झाली की नाही ते प्रश्नांवरून कळतं. ‘अडॅप्टर मिलेगा क्या’ असं लोक विचारत असतील तर तुमचं वाक्य अजून दिसत नाहीये. माझ्याकडे ते प्रश्न थांबले तेव्हा मी खुशीत पुतणीला फोन दिला, दहा सेकंद लिस्टिंग बघू दिली आणि काढून घेऊन विचारलं, काय काय वेगळं आणावं लागेल? अडॅप्टर, सेल, सगळं बरोबर सांगितलं तिने. मग म्हणाली, ‘पण काका, चौथ्या फोटोत खाली पाय आहेत ते येतात ना?’ कंपनीचा एक फोटो काढायचा राहून गेला होता.