ब्लाउजच्या पाठीत तिरक्या चुण्या पडतात; खांदा उतरवायचा की कंबरेत दाबायचं?

प्रश्न: ट्रायलला पाठीत दोन्ही खांद्यांकडून कंबरेकडे तिरक्या चुण्या येतात, मध्ये कापड गोळा होतं आणि खांद्याची शिलाई मागे सरकते. कंबरेत चिमटून टीप मारली तर पाठ काखेजवळ आवळते. पेपर कटिंगमध्ये नेमकं कुठे बदलू?

उत्तर: ताई, आधी खांदा, मग कंबर. क्रम उलटा झाला म्हणूनच तुमची पाठ आवळली.

चुण्या दोन जातीच्या असतात. एक ताणाची: बोट फिरवलं तर दोरीसारखी कडक लागते, चिमटीत येत नाही. तिथे कापड कमी पडलेलं असतं. दुसरी ढिलाईची: सहज चिमटीत येते, म्हणजे कापड जास्त आहे. तुमच्या वर्णनावरून खांद्याच्या टोकाकडून येणाऱ्या चुण्या ताणाच्या आणि मधला गोळा ढिलाईचा वाटतो. खांद्याचं हाड पुढे झुकलेलं असलं की मागच्या भागाला टोकापर्यंत पोचायला लांबी पुरत नाही. मग पाठीच्या दोन्ही कडा वर ओढल्या जातात आणि मधलं कापड लोंबतं. खरी बाकदार कंबर असेल तर त्यात आणखी भर पडते.

आखाजीला माहेरी आलेली एक ताई माझ्याकडे आली होती, छाती ३६. पहिल्याच ट्रायलला म्हणाली, "मांगे वढाय ऱ्हायना," म्हणजे मागे ओढलं जातंय. मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज घातला होता (रेशमावर ट्रायल घेऊ नका, टाचणीची भोकं राहतात). पाठीत चिमटलं तर तब्बल १ इंच जास्त निघालं. तिथेच टीप मारली असती तर माझीही तीच गत झाली असती.

मी खांद्याची शिलाई उसवली. हात खाली सोडून, आरशात न बघता नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं आणि मानेच्या बाजूपासून खांद्याच्या हाडापर्यंत खडूने रेघ मारली. मानेजवळ दोन्ही भाग रेघेवर बरोबर बसले. टोकाला मात्र पुढचा भाग रेघेच्या पलीकडे ४ सूत, म्हणजे अर्धा इंच गेला आणि मागचा ४ सूत कमी पडला. हीच खूण. शिलाई मानेपासून टोकापर्यंत सगळीच सारखी मागे जात असेल, तर दोष खांद्याचा नसून पुढच्या-मागच्या लांबीचा असतो. त्याला हा उपाय लागू नाही.

पेपरवर बदल सोपा आहे. पुढच्या भागात खांद्याच्या टोकाला ४ सूत खाली खूण करून मानेकडे शून्यावर रेघ न्या आणि वरचं कापा. मागच्या भागाला टोकाला तेवढंच चिकटवा, मानेकडे शून्य. पुढचा मुंढा ४ सूत कमी झाला, मागचा ४ सूत वाढला, एकूण तेवढाच राहिला. म्हणून बाही नव्याने काढायची नाही, फक्त तिच्या वरच्या गोलव्यावरची खांद्याची खूण ४ सूत पुढे न्यायची. हे विसरलात तर चुण्या पाठीतून निघून बाहीवर येतील.

खांदा पुन्हा टाचल्यावर पाठीतला १ इंचाचा गोळा ४ सुतांवर आला. उरलेला तेवढाच खरा कंबरेचा बाक. तो काढताना मधोमध ४ सूत आणि साईडला शून्य अशी पाचर घ्यायची. साईडला शून्यच हवं, नाहीतर पुढच्या भागाची साईड मागच्याशी जुळणार नाही.

इथे एक गंमत होते. पेपरची पाचर घडी घालून बंद केली की मध्याची रेघ मोडते आणि खालचं टोक घडीच्या रेघेबाहेर डोकावतं. आपली पाठ घडीवर कापायची असते, त्यामुळे रेघ सरळ हवी. माझ्या पेपरवर अर्धी पाठ ९ इंच होती आणि पाचर खालच्या काठापासून ३ इंचांवर, म्हणून टोक सूतभरापेक्षा थोडं जास्त बाहेर आलं. ते कापलं आणि तेवढंच साईडला खालच्या काठाशी जोडलं. कंबरेचा घेर कमी झाला नाही, शिवाय साईडची मोडलेली रेघही सरळ झाली. पाचर ६ सुतांच्या वर जात असेल तर घडीचा हट्ट सोडा, पाठीला मधोमध शिलाई घ्या.

तुमचा ब्लाउज शिवून झाला असेल तर मागच्या खांद्याला माया किती उरली आहे ते आधी बघा. ४ सूत वाढवायला आत किमान तेवढं आणि शिलाईपुरतं जास्त हवं. बहुतेक वेळा नसतं. मी ट्रायलच्या मांजरपाटाला मागच्या खांद्याला १ इंच माया याचसाठी सोडते. आणि दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा. त्या ताईचा उजवा ४ सूत होता, डावा ३.