पँट ३४, बेल्टवरही ३४, तरी शेवटच्या भोकात?

प्रश्न : लक्ष्मी रोडवरून बेल्ट घेतला. लेबलवर 'वेस्ट ३४' लिहिलंय, माझी पँटही ३४ची. तरी कसाबसा शेवटच्या भोकात लागतोय. लेबल चुकीचं आहे का? बदलून ३६ घेऊ की ३८?

उत्तर :

३६ घ्या. ३८ नको. लेबल चुकीचं असेलच असं नाही. बेल्टवरचा ३४ आणि पँटवरचा ३४ हे दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. मी बारा वर्षं चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात काउंटरला होतो आणि बदलायला परत येणाऱ्या बेल्टपैकी बहुतेक याच कारणाने यायचे. तुमच्याकडे लेबल शाबूत असेल आणि चामड्यावर काट्याचा वळ उमटला नसेल, तर आजच जाऊन बदलून आणा. एकदा त्या भोकापाशी चामडं मुडपलं की दुकानदार घ्यायला कुरकुर करतो, आणि त्याचंही चूक नसतं.

आधी पँटचं बघू. ३४ म्हणजे '३४ कंबरेच्या माणसासाठी' असं कंपनीचं म्हणणं असतं, कापड मोजून लिहिलेला तो आकडा नव्हे. तुमची पँट बटण लावून पलंगावर सपाट पसरा आणि कमरपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. तयार पँटमध्ये ३४च्या मापाला पावणेअठरा इंच भरणं अगदी नेहमीचं आहे. दुप्पट केलं की झाले साडेपस्तीस. काही ब्रँड मुद्दाम सैल शिवतात, कारण लहान नंबर बसला की गिऱ्हाईक खूश होतं. शिवाय हल्लीच्या पँटी बेंबीच्या बऱ्याच खाली, नितंबाच्या हाडांवर बसतात आणि तिथला घेर वेगळा असतो. पेठेतल्या जुन्या टेलरकडे शिवलेल्या पँटमध्ये हा घोळ कमी, कारण तो 'कुठे नेसता?' विचारून तिथेच टेप लावतो.

आता बेल्ट. तो कमरपट्टीच्या बाहेरून जातो. कमरपट्टी म्हणजे कापडाचे दोन-तीन थर आणि आत कॅनव्हास, मिळून साधारण तीन मिलिमीटर जाडी. गोलाची त्रिज्या तीन मिलिमीटरने वाढली की परीघ त्याच्या सव्वासहा पट वाढतो, म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. साडेपस्तीसचे सव्वाछत्तीस झाले. बेल्टची स्वतःची जाडी चार मिलिमीटर धरा. चामडं वाकतं तेव्हा आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि लांबी खरी राहते ती मधल्या रेषेवर. म्हणून अर्धी जाडी धरायची, त्याचा आणखी अर्धा इंच. एकूण पावणेसदतीस. म्हणजे ३४च्या पँटवरून बेल्टला प्रत्यक्षात पावणेसदतीस इंचांचं वर्तुळ करावं लागतंय.

बेल्टवरचा आकडा कुठून कुठे मोजतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पाच भोकं असतात, एकमेकांपासून साधारण एकेक इंचावर, आणि आकडा मधल्या, तिसऱ्या भोकापर्यंतचा धरतात. सुरुवात मात्र सगळे एकाच जागेवरून करत नाहीत. बरेच कारखाने चामडं बक्कलच्या दांडीवर जिथे दुमडलंय तिथून मोजतात. काही जण काट्याचं टोक बक्कलच्या चौकटीवर जिथे टेकतं तिथून मोजतात. लावलेल्या बेल्टमध्ये ताणाने भोक काट्यावरून सरकत याच टेकण्याच्या जागेपाशी येऊन थांबतं, म्हणून खरा घेर तिथूनच मोजला पाहिजे. या दोन जागांमध्ये बक्कलप्रमाणे एक ते दीड इंचाचं अंतर असतं. आणि काही कारखाने हे काहीच न मोजता '३४च्या पँटला चालेल' एवढंच ठरवून ३४ लिहितात. त्यात आतूनच दोन इंच वाढवलेले असतात. तसा बेल्ट तुम्हाला ३४च बसला असता.

तुमच्या लक्षणावरून वाटतं की तुमचा बेल्ट दुमडीपासून मोजलेला आहे. दुमडीपासून मधल्या भोकापर्यंत ३४, बक्कलचा सव्वा इंच मिळवला की मधल्या भोकावर सव्वापस्तीसचं वर्तुळ. चौथ्यावर सव्वाछत्तीस, पाचव्यावर सव्वासदतीस. तुम्हाला हवेत पावणेसदतीस, म्हणून चौथं आवळतं आणि पाचव्यावर जावं लागतं. काट्याच्या टोकापासून मोजलेला ३४ असता तर पाचव्यावर ३६च आले असते आणि तो लागलाच नसता.

हाच हिशोब ३६ला लावा : मधल्या भोकावर सव्वासदतीस, दुसऱ्यावर सव्वाछत्तीस. सकाळी दुसरं, पोटभर जेवल्यावर मधलं. ३८ घेतलात तर पहिल्याच भोकात लागेल आणि शेपूट बाजूच्या लूपच्याही पुढे जाऊन लोंबेल.

हे गणित नको असेल तर शिंप्याची कापडी टेप घ्या. नेहमीची पँट घाला, शर्ट खोचायची सवय असेल तर खोचा, आणि टेप बेल्टसारखीच पँटच्या लुपांमधून ओवा. श्वास रोखू नका. शून्य जिथे येऊन भिडतं तो आकडा वाचा आणि त्यात बेल्टच्या जाडीचा अर्धा इंच मिळवा. पोट पुढे असलेल्यांनी तर हेच करावं. पोटावरून टेप फिरवली की आकडा भलताच मोठा येतो आणि बेल्ट तर पोटाखाली बसणार असतो. माझ्या काकांसाठी मी सुरुवातीला असाच पोटावरून मोजून बेल्ट नेला होता. तो पहिल्या भोकातही ढिला पडला.

दुकानात बेल्ट काउंटरवर सपाट ठेवा, काट्याचं टोक चौकटीवर टेकतं तिथे टेपचं शून्य धरा आणि मधल्या भोकापर्यंत मोजा. तुमचा आकडा त्याच्या अर्ध्या-पाऊण इंच आजूबाजूला आला की लेबलवर ३४ असो वा ३६, घ्या. ऑनलाइन घेताना टेप लावता येत नाही. तिथे जुना, नीट बसणारा बेल्ट दुमडीपासून तुम्ही वापरता त्या भोकापर्यंत मोजा आणि वर्णनात 'मधल्या भोकापर्यंत' किती लिहिलंय ते जुळवा. आकडा ९५, १०० असा असेल तर सेंटिमीटर आहेत, २.५४ने भागा. फक्त पूर्ण लांबी लिहिली असेल तर मधल्या भोकाचं माप विचारल्याशिवाय मागवू नका.

बदलून मिळाला नाही तर सहावं भोक पाडून घ्यायचा विचार मनात येईल. टोकाच्या बाजूला नका पाडू. शेपूट आधीच आखूड आहे, ती बक्कलमागच्या पट्टीत पोहोचणार नाही आणि सारखी बाहेर निघेल. जास्तीचं भोक लांब बेल्टला कामाचं. तेही एक-दोनच, आणि आधीच्या अंतरावर, पंचने पाडलेलं. खिळ्याने पाडलेलं भोक फाटत जातं. लांब बेल्टची बक्कल स्क्रूची किंवा चिमट्याची असेल तर ती काढून चामडं बक्कलच्या बाजूने कापता येतं. भोकं नसलेल्या, खटखट आवाज करत लागणाऱ्या बेल्टलाही असंच कापायचं असतं. त्यामुळे तो घेताना मोठा घेतला तरी चालतो. तुमच्या बेल्टला पाच भोकं आहेत, तेव्हा तुम्ही ३६च आणा.